जुन्या पाठ्यपुस्तकाची जाहिरात पेपरच्या नावाने शोधल्यावर सापडत नाही: काय तपासायचं, कुठे थांबायचं

वापरलेल्या पाठ्यपुस्तकांच्या जाहिराती दुरुस्त करून देण्याचं काम माझ्याकडे प्रत्येक सेमिस्टरच्या तोंडावर येतं, आणि बिघाड जवळजवळ नेहमी तोच असतो. पुस्तक चांगलं असतं. ते हवं असलेला विद्यार्थी जाहिरातींच्या त्याच ऑनलाइन यादीत शोधत असतो. तरी दोघांची गाठ पडत नाही, कारण विकणाऱ्याने पुस्तकाचं नाव लिहिलेलं असतं आणि घेणारा वेळापत्रकावरचं पेपरचं नाव टाकून शोधत असतो. ही दोन नावं फार क्वचित एक असतात.

आधी लक्षणं पाहा, कारण त्यांवरून बिघाड कुठे आहे हे बरंच कळतं.

- जाहिरात कोणी पाहतच नाही, किंवा पाहणाऱ्यांचा आकडा पहिल्या दिवशी जिथे होता तिथेच अडकलाय. इथे दोष शब्दांत आहे: विद्यार्थी जे टाइप करतो ते तुमच्या जाहिरातीत नाही.
- लोक पाहतात, पण प्रत्येक जण तेच विचारतो: कितवी आवृत्ती? लेखक कोण? आमच्या पेपरला चालेल का? इथे शब्द सापडलेत, माहिती कमी पडतेय.
- लोक भेटायला येतात, पुस्तक उघडतात आणि न घेता परत जातात. इथे आवृत्ती किंवा स्थिती चुकीची लिहिलेली आहे. हा प्रकार सर्वांत वाईट, कारण दोन्ही बाजूंचा वेळ जातो.

खाली एक जाहिरात घेऊन पायऱ्या दाखवतो. ती आली तेव्हा अशी होती:

> इकॉनॉमिक्सचं पुस्तक विकणे आहे. नव्यासारखं. लेटेस्ट एडिशन २०१९. फोटो पाहा.

पुस्तक सूक्ष्म अर्थशास्त्राचं होतं, मुखपृष्ठावर ‘मायक्रोइकॉनॉमिक्स’ असं नाव आणि दोन लेखकांची आडनावं. ज्या वर्गाला ते लागत होतं त्यांच्या वेळापत्रकात पेपरचं नाव होतं ‘बिझनेस इकॉनॉमिक्स १’. जाहिरातीत ना ‘मायक्रो’ हा शब्द, ना ‘बिझनेस’.

पहिली तपासणी: स्वतः विद्यार्थी होऊन शोधा

याला काही खर्च नाही आणि दोन मिनिटं पुरतात. आपल्या खात्यातून बाहेर पडा, कारण खात्यात असताना स्वतःची जाहिरात अनेकदा वेगळ्या जागी, वरच दिसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मग तीनदा शोधा: एकदा जाहिरातीचं शीर्षक जसंच्या तसं टाकून, एकदा पुस्तकाचं नाव टाकून आणि एकदा फक्त पेपरचं नाव टाकून.

शीर्षकाने सापडली पण पेपरच्या नावाने नाही, तर पुढच्या दोन तपासण्यांत काम होईल. शीर्षकानेही सापडली नाही तर शब्द बदलत बसण्यात अर्थ नाही. जाहिरातीची मुदत संपलेली असेल, ती मंजुरीसाठी अडकलेली असेल किंवा ‘पुस्तके’ऐवजी ‘इतर’ अशा भलत्याच विभागात पडलेली असेल. आधी तेवढं पाहून घ्या.

आमच्या उदाहरणात शीर्षकाने जाहिरात लगेच वर आली, ‘बिझनेस इकॉनॉमिक्स’ टाकल्यावर मात्र यादीत तिचा पत्ता नव्हता.

दुसरी तपासणी: शीर्षकात पेपरचं नाव आहे का?

विद्यार्थ्याला सेमिस्टरच्या सुरुवातीला एकच नाव पाठ असतं, ते म्हणजे वेळापत्रकावरचं. लेखक त्याला अजून माहीत नसतो. पुस्तकाचं नाव त्याने ऐकलेलं असेलच असं नाही. म्हणून शीर्षकात पेपरचं नाव आधी आणि पुस्तकाचं नाव नंतर यावं. बऱ्याच ठिकाणी शोध शीर्षकाला वर्णनापेक्षा जास्त वजन देतो, काही ठिकाणी तर फक्त शीर्षकच वाचतो. खाली वर्णनात कितीही तपशील दिला तरी तो शोधाच्या कामी येईलच असं नाही.

पेपरचं नाव लिहिताना ते छापील अभ्यासक्रमात जसं आहे तसं लिहा, आणि वर्गात ज्या नावाने हाक मारतात तेही लिहा. पेपरला सांकेतिक क्रमांक असेल तर तोही द्या, तो मोकळी जागा न सोडता आणि सोडून, दोन्ही प्रकारे. शाखा आणि सेमिस्टरही हवंच, कारण ‘अर्थशास्त्र’ एवढ्यावर तीन शाखांची मुलं येतील आणि त्यांतली दोन शाखांची हिरमुसून जातील.

एकच पुस्तक दोन पेपरना चालत असेल तर दोन्ही नावं लिहावीत, पण चालतंय याची खात्री असेल तरच. शोधात वर यावं म्हणून दहा विषयांची नावं ओळीने कोंबलेल्या जाहिराती मी पाहतो. त्या सापडतात खऱ्या, पण चुकीच्या माणसाला सापडतात, आणि तिसरं लक्षण तिथूनच सुरू होतं.

तिसरी तपासणी: अक्षरं तीच आहेत का?

इथे जरा थांबू, कारण हा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणून सर्वांत जास्त वेळ खातो.

साधा भाग आधी. पुष्कळ मुलं फोनवर रोमन लिपीत शोधतात. जाहिरात देवनागरीत असेल तर `microeconomics` किंवा `business economics 1` टाकणाऱ्याला ती दिसणार नाही. वर्णनात एक ओळ रोमनमध्ये द्या, काम झालं. देवनागरीतही एकाच शब्दाची अनेक रूपं फिरतात: इकॉनॉमिक्स, इकोनॉमिक्स, अर्थशास्त्र. सगळी शीर्षकात नकोत. शीर्षकात एक आणि बाकीची वर्णनात.

आकड्यांचंही तसंच. माणसाला १ आणि 1 सारखेच, संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं. काही शोधयंत्रणा त्यांना एक मानतात, काही मानत नाहीत. त्यात ‘पेपर I’ असा रोमन आकडा आला की तिसरं रूप तयार होतं. म्हणून पेपरचा क्रमांक किमान दोन रूपांत द्यावा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळखक्रमांक, मात्र नेहमी 0 ते 9 याच आकड्यांत लिहा. तो ९७८ने सुरू केला तर पुस्तकावरून पाहून 978 टाकणाऱ्याला जाहिरात लागण्याची खात्री उरत नाही.

आता अवघड भाग. आवृत्ती लिहिताना ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ असे शब्द येतात. त्यातला ऱ्य दोन प्रकारे साठवला जातो: एका कीबोर्डवर मुळातला ऱ वापरून, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एक टाकल्यावर दुसरा लागेलच असं नाही. उपाय सोपा आहे: ‘आवृत्ती ३’ किंवा ‘तिसरी आवृत्ती’ असं लिहा आणि ऱ्य टाळा.

आणि एक जुना रोग. जाहिरातीचा मजकूर एखाद्या जुन्या छापील पत्रकाच्या फाइलमधून उचलला असेल, तर तो युनिकोडपूर्व फाँटमध्ये असू शकतो. अशा फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ओळखायचं कसं? मजकूर उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक मालिका दिसली, तर तो मजकूर कोणत्याही शोधात सापडणार नाही. दुरुस्त करत बसू नका, चार ओळी पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

फोटोत दिसणारं पुस्तकाचं नावही शोधाच्या भरवशावर सोडू नका. ‘फोटो पाहा’ लिहून लेखक आणि आवृत्ती गाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: फोटो पाहायला माणूस आधी जाहिरातीपर्यंत पोचावा लागतो.

चौथी तपासणी: आवृत्ती नेमकी कुठून घेतलीत?

मुखपृष्ठावरून घेतली असेल तर पुन्हा पाहा. खरी माहिती आतल्या नामपृष्ठाच्या मागच्या बाजूला असते, जिथे प्रकाशक, हक्क आणि मुद्रणाचा तपशील छापतात. तिथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवृत्ती बदलते तेव्हा मजकूर बदललेला असतो. पुनर्मुद्रणात तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो, फार तर किरकोळ चुका सुधारून.

आमच्या पुस्तकात त्या पानावर होतं: तिसरी आवृत्ती २०१४, पुनर्मुद्रण २०१६, २०१७, २०१९. विकणाऱ्याने शेवटचं वर्ष उचललं आणि ‘लेटेस्ट एडिशन २०१९’ लिहिलं. खोटं बोलायचा हेतू नव्हता, पण पुस्तक २०१४च्या मजकुराचं होतं आणि मधल्या काळात चौथी आवृत्ती आलेली होती. दोन मुलं येऊन परत गेली ती याचमुळे.

काही पुस्तकांत त्याच पानावर 10 9 8 7 6 5 4 अशी आकड्यांची ओळ असते. त्यातला सर्वांत लहान आकडा कितवं मुद्रण ते सांगतो. त्याला आवृत्ती समजू नका.

विद्यार्थी आवृत्तीसाठी एवढा अडून का बसतो? कारण शिक्षक घरचा अभ्यास ‘प्रकरण ५, प्रश्न १२’ असा देतात. नव्या आवृत्तीत प्रश्नांचा क्रम बदललेला असला की जुन्या पुस्तकातला बारावा प्रश्न भलताच निघतो. शिकवणीचा मजकूर नव्वद टक्के तोच असला तरी रोजची अडचण इथे होते.

आयएसबीएन इथे उपयोगी पडतो, कारण नव्या आवृत्तीला नवा क्रमांक मिळतो आणि निव्वळ पुनर्मुद्रणाला मिळत नाही. पक्क्या आणि कागदी बांधणीलाही वेगवेगळे क्रमांक असतात, म्हणून त्या पानावर दोन-तीन क्रमांक दिसले तर आपल्या प्रतीच्या बांधणीसमोरचाच घ्या. काही प्रकाशक वेगवेगळ्या देशांसाठी वेगळी प्रत काढतात. तिचा क्रमांक वेगळा असतो आणि कधीकधी प्रश्नही वेगळे असतात.

१ जानेवारी २००७पासून हा क्रमांक १३ आकडी आहे, त्याआधी तो १० आकडी होता. जुन्या पुस्तकावर १० आकडीच असेल तर जाहिरातीत दोन्ही द्या. बदलण्याची रीत अशी: शेवटचा आकडा काढा, पुढे 978 लावा आणि नवा शेवटचा आकडा मोजा. मोजताना बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ने गुणायचं, बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीपर्यंत किती कमी पडतात ते पाहायचं. बेरीज मुळातच दहाच्या पटीत आली तर शेवटचा आकडा शून्य.

```
0-306-40615-2  ->  978-0-306-40615-?
9+21+8+0+3+0+6+12+0+18+1+15 = 93
100 - 93 = 7
978-0-306-40615-7
```

हीच बेरीज टाइप करताना झालेली चूक पकडायलाही चालते. १३ आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा हिशेबाशी जुळला नाही, तर मधला एखादा आकडा चुकलाय. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असतील तर ते बहुतेक वेळा पकडलं जातं, नेहमी नाही. त्यामुळे पुस्तक समोर धरून एकदा वाचून घ्याच. आणि मागच्या मलपृष्ठावर दुकानाने चिकटवलेला बारकोड असेल तर तो आयएसबीएन नसतो. आपल्याला 978 किंवा 979ने सुरू होणारा हवा.

पाचवी तपासणी: स्थिती शब्दांत मोजता येते का?

‘नव्यासारखं’, ‘चांगलं’, ‘उत्तम’ यांतून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला चार गोष्टी हव्या असतात. पानं सगळी आहेत का, लिखाण पेनाने आहे की पेन्सिलीने, पुठ्ठा आणि शिवण धरून आहे का, आणि ओल लागली आहे का. पाठ्यपुस्तकात पाचवीही एक असते: स्वाध्यायातली उत्तरं भरलेली आहेत का. अधोरेखित ओळी पुष्कळांना चालतात, भरलेली उत्तरं चालत नाहीत.

पानं तपासताना शेवटची पानं विसरू नका. कोष्टकं, आलेखाचे कागद आणि उत्तरसूची तिथे असतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री फाडून नेली जातात तीही तीच. पुस्तकासोबत ऑनलाइन सरावाचा कोड आला असेल तर तो सहसा एकदाच वापरता येतो. वापरला असेल तर ‘कोड वापरलेला आहे’ असं स्पष्ट लिहा. ज्या पेपरचा गृहपाठच त्या कोडवर चालतो, तिथे हे एक वाक्य सौदा ठरवतं.

फोटो चार पुरे: मुखपृष्ठ, आवृत्तीचं पान, पुस्तकाची पाठ आणि सर्वांत खराब पान. शेवटचा फोटो टाकायला लोक कचरतात. माझा अनुभव उलटा आहे: खराब पान आधी दाखवलं की आलेला माणूस परत जात नाही.

सहावी तपासणी: हे पुस्तक आजच्या अभ्यासक्रमाला लागतं का?

ही सर्वांत कष्टाची, म्हणून शेवटी. तुम्ही ते पुस्तक वापरलं तेव्हाचा अभ्यासक्रम आज असेलच असं नाही. विभागाने दिलेला चालू अभ्यासक्रम मिळवा आणि त्याच्या शेवटी असलेली पुस्तकांची यादी पाहा. त्या यादीत नेमलेलं पाठ्यपुस्तक आणि संदर्भपुस्तकं वेगळी असतात. तुमचं पुस्तक कोणत्या गटात आहे ते जाहिरातीत लिहा.

यादीतली आवृत्ती नवी असेल तर ग्रंथालयात ती मागून घ्या आणि दोन्हींची अनुक्रमणिका शेजारी ठेवून प्रकरणं ताडून पाहा. आमच्या पुस्तकात असं निघालं: चौथ्या आवृत्तीत खेळ सिद्धांतावर एक नवीन प्रकरण होतं, ते या पेपरला नव्हतंच. मागणी, लवचिकता, उत्पादन, खर्च, बाजारपेठेचे प्रकार ही पेपरची प्रकरणं दोन्हींत होती. पण स्वाध्यायांचे क्रमांक तीन प्रकरणांत बदलले होते. म्हणजे पुस्तक वाचायला पूर्ण चालतं, गृहपाठाचे प्रश्न मात्र वर्गमित्राच्या प्रतीवरून ताडून घ्यावे लागतात. तसंच लिहिलं. दुरुस्त झालेली जाहिरात ही:

> बिझनेस इकॉनॉमिक्स १ (वाणिज्य, सेमिस्टर 1) – मायक्रोइकॉनॉमिक्स, आवृत्ती ३
> लेखक: मुखपृष्ठावरच्या क्रमाने दोन्ही आडनावं, देवनागरी आणि रोमनमध्ये
> तिसरी आवृत्ती २०१४, पुनर्मुद्रण २०१९, कागदी बांधणी, आयएसबीएन आकड्यांत
> अभ्यासक्रमाच्या यादीत चौथी आवृत्ती आहे. या पेपरची सर्व प्रकरणं यात आहेत. तीन प्रकरणांत स्वाध्यायांचे क्रमांक वेगळे.
> स्थिती: सर्व पानं आहेत. पहिल्या चार प्रकरणांत पेन्सिलीने अधोरेखन. स्वाध्याय कोरे. पाठीचा वरचा कोपरा दुमडलेला. ऑनलाइन कोड वापरलेला.
> इतर नावं: सूक्ष्म अर्थशास्त्र, इकोनॉमिक्स पेपर १, `business economics 1`, `microeconomics`

कंसात शाखा आणि सेमिस्टर, शेवटी इतर नावं. ‘नव्यासारखं’ आणि ‘लेटेस्ट’ हे दोन्ही शब्द गेले आणि एकाचीही उणीव भासली नाही.

इथे थांबा, जाणकाराला विचारा

जुनी आवृत्ती वर्गात चालेल की नाही, हा निर्णय तुमचा नाही. अनुक्रमणिका ताडून जे दिसलं ते लिहा. ‘चालेल’ असं फक्त तो पेपर शिकवणाऱ्या शिक्षकांनी सांगितल्यावरच लिहा.

नामपृष्ठ फाटलेलं असेल आणि आवृत्ती कळत नसेल तर अंदाज करू नका. ग्रंथालयातल्या सूचीकाराकडे पुस्तक न्या. पृष्ठसंख्या, आकार आणि प्रकरणांची नावं यांवरून ते बहुतेक वेळा आवृत्ती शोधून देतात. नाहीच मिळाली, तर ‘आवृत्ती अज्ञात, नामपृष्ठ नाही’ हेच लिहायचं.

पहिल्या तपासणीत शीर्षकानेही जाहिरात सापडली नाही, मुदत आणि विभाग दोन्ही बरोबर आहेत, आणि एक दिवस थांबूनही फरक नाही, तर दोष तुमच्या मजकुरात नाही. तीच जाहिरात पुन्हा पुन्हा टाकू नका, नक्कल समजून ती काढली जाऊ शकते. यादी चालवणाऱ्यांना जाहिरातीचा क्रमांक आणि तुम्ही टाकलेले नेमके शब्द कळवा.

पानांवर बुरशीचे ठिपके असतील, पुस्तक उघडताच कुबट वास येत असेल, तर ते इतर पुस्तकांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा आणि विक्रीतून काढा. दुर्मीळ असेल तर पुस्तकांच्या जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा. साध्या पाठ्यपुस्तकाला तेवढा खर्च परवडत नाही.

ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि त्यावर ‘रद्द’ किंवा ‘काढून टाकले’ अशी नोंद नसेल तर जाहिरात टाकण्याआधी ते त्या ग्रंथालयात दाखवा, कारण ते बहुधा त्यांचंच आहे. ‘नमुना प्रत, विक्रीसाठी नाही’ असा छाप असलेली शिक्षकांची प्रत आणि आख्ख्या पुस्तकाची बांधून घेतलेली झेरॉक्स या दोन्हींची जाहिरात मी दुरुस्त करून देत नाही, ती काढून टाकायला सांगतो.